मदत हवी आहे: वेबिनारच्या सूत्रसंचालनाची संहिता

रविवारी संध्याकाळी 7 वाजता आमच्या डाळिंब बागायतदार गटाचं झूमवर तेल्या रोगावर सत्र आहे. सूत्रसंचालन माझ्याकडे आहे. मागच्या वेळी स्वागत आणि वक्त्यांचा परिचय यातच 12 मिनिटं गेली, म्हणून या वेळी सुरुवात अशी लिहिली आहे:

"नमस्कार मंडळी. पुढच्या 40 मिनिटांत तेल्याचे डाग कसे ओळखायचे ते पाहू, मग 20 मिनिटं प्रश्न घेऊ. माइक बंद ठेवा. प्रश्न चॅटमध्ये लिहा, सोबत गाव आणि झाडांचं वय द्या. आता फक्त एका शब्दात सांगा, तुमचा बहार कोणता? मृग, हस्त की आंबे?"

एका शब्दाचं उत्तर मोबाइलवरही पटकन टाइप होतं आणि वक्त्यांना समोर कोण आहे ते कळतं. नुसतं "काही प्रश्न?" विचारलं की चॅट रिकामंच राहतं, हा माझा अनुभव.

अडचण उशिरा येणाऱ्यांची आहे. आधी चॅटमध्ये टाकलेली लिंक त्यांना दिसत नाही, सूचनाही हुकतात. 7:10 ला वक्त्यांना थांबवून सूचना पुन्हा सांगू, की नुसत्या चॅटमध्ये टाकू?

दुसरं, समारोप. 8 वाजता प्रश्न उरलेले असतात आणि लोक एकेक करून निघून जातात. मी 7:55 ला "आता शेवटचे दोन प्रश्न" असं सांगून, आभाराआधीच अभिप्रायाची लिंक देणार आहे. उरलेल्या प्रश्नांबद्दल काय बोलावं? तुमची वाक्यं जशीच्या तशी लिहून द्याल का?