शब्दचर्चा: कोरियन 'जॉंग' आणि 'हान' यांना मराठीत काय म्हणाल?

पेरूचीफोड
रोज रात्री जेवणं झाली की आई आणि मी कोरियन मालिका बघतो. आईला इंग्रजी येत नाही, त्यामुळे सबटायटल वाचून मी तिला तोंडी मराठी करून सांगते. परवाच्या भागात एक म्हातारी भांडी घासता घासता मेलेल्या नवऱ्याबद्दल बोलत होती. नवरा दारुडा, उभ्या जन्मात सुख दिलं नाही. पण बोलता बोलता तिचा हात थांबला, आणि ती 'मिउन जॉंग' असं काहीसं म्हणाली. खाली आलं, "मला तो आवडायला लागला होता." मी तसंच सांगितलं. आई म्हणाली, "छे! असं नाही म्हणत ती. नीट वाच."
नीटच वाचलं होतं! मग त्या 'जॉंग'चा अर्थ काय? आणि 'हान' आला की दर वेळी 'दुःख' एवढंच लिहितात, त्याचं काय?

दुपारचा_चहा
कोणती मालिका? हिंदीत डब झालेली मिळेल का? आमच्याकडे सबटायटल कुणी वाचत नाही.

शब्दवेडा
'हान' सोपा आहे. मालिकांमध्ये 'हानी' असंही स्पष्ट ऐकू येतं. ही आपली संस्कृत 'हानि'च, बौद्ध भिक्षूंबरोबर तिकडे गेलेली. आणि कोरियन लोक स्वतःच्या देशाला 'हान्गुक' म्हणतात, म्हणजे दुःखाचा देश. हजारो वर्षं आक्रमणं सोसलेला समाज आहे, ते दुःख त्यांच्या रक्तातच आहे.

रांजणगाव_दुभाषी
शब्दवेडा, बौद्ध धर्माबरोबर संस्कृत शब्द तिकडे गेले हे खरं, पण हा त्यातला नाही. 'हानी'तला 'ई' हा कर्त्याला लागणारा प्रत्यय आहे, मूळ शब्द नुसता 'हान'. तो चिनी लिपीतून आला. 'जॉंग'ही तसाच, आणि दोन्ही चिन्हांच्या डाव्या बाजूला हृदयाची खूण असते. 'हान्गुक'मधला 'हान' वेगळ्या चिन्हाने लिहितात. उच्चार सारखा, एवढंच. आपला 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे टॅक्स, तसं.

(उच्चार: 'जॉंग'मधला ज 'जेवण'मधला, 'जाऊ'मधला नव्हे.)

पेरूचीफोड, तुमच्या आईचा कान बरोबर आहे. चौदा वर्षं दुभाष्याचं काम करतोय, त्यात एक कळलं. या दोन शब्दांना मराठी नाम शोधत बसलं की फसायला होतं. त्यांच्यासोबत क्रियापद कोणतं येतं ते बघावं.

जॉंग 'करत' नाहीत, तो 'दुल्दा', म्हणजे आत शिरतो. कापडाला रंग चढतो, माणसाला आजार जडतो, झोप लागते, या सगळ्याला कोरियनमध्ये हेच क्रियापद आहे. तुम्ही ठरवलेलं नसतं, एका छपराखाली राहून ते होतं. शेजाऱ्याशी होतं, जुन्या घराशी होतं, रोजच्या खानावळीशीसुद्धा होतं. त्यात आवडण्याचा प्रश्न येतोच असं नाही. म्हणून 'मिउन जॉंग', म्हणजे नावडत्या माणसाशी जडलेला, आणि 'कोउन जॉंग', म्हणजे गोड माणसाशी जडलेला. पहिला जास्त भयंकर, असंच तिकडे म्हणतात. गोडवा संपला तर दुसरा सुटू शकतो. पहिल्यात संपायला गोडवा असतोच कुठे?

तुमच्या म्हातारीला नवरा आवडत नव्हता. मी असतो तर लिहिलं असतं, "शिव्या घालता घालता जडला तो."

घाटावरची
माझा प्रश्न वेगळा आहे, पण सांगते. आमच्या चाळीत समोरच्या काकूंशी नळावरून बावीस वर्षं भांडण. पाणी आलं की तोंडाला तोंड. गेल्या वर्षी त्या मुलाकडे नाशिकला गेल्या. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मी दार लावून आत बसले आणि रडले. नवरा म्हणाला, "आता तरी सुखाने पाणी भर." आता नळ आला तरी पाच मिनिटं बादली लावायचं सुचत नाही. याला कोरियनमध्ये शब्द आहे का?

रांजणगाव_दुभाषी
ताई, वर लिहिला तोच!

पेरूचीफोड
आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, "मग 'लळा' म्हण की."

कोरडेभाकर
लळा लहान पोराचा, वासराचा, मांजराचा. दारुड्या नवऱ्याचा लळा? 'जिव्हाळा'ही नको, तो सत्काराच्या भाषणात फार वापरून गुळगुळीत झालाय. 'माया' जवळ येईल, पण ती वरून खाली वाहते, आजीकडून नातवाकडे. दुभाषींचं 'जडला' मला पटलं. आणि उलटं झालं तर? जॉंग सुटतो का?

रांजणगाव_दुभाषी
सुटत नाही, 'गळून पडतो'. 'जॉंग तॉरॉजिदा'. एखाद्याचं क्षुद्र वागणं एकदाच दिसतं आणि संपतं. इथे मराठी तयारच आहे: "मनातून उतरला."
रोजच्या वापरातलं आणखी एक. कुणी खायला एकच तुकडा दिला तर म्हणतात, "एकच दिला तर जॉंग नाही." मग दुसरा द्यायचाच. आपली भाजीवाली हिशेब झाल्यावर दोन मिरच्या वर टाकते ना, तेच. तिकडच्या एका चोकोपायच्या खोक्यावर 1989 पासूनच्या जाहिरातींमुळे हे एक अक्षरच छापलेलं असतं. त्या खोक्याचं भाषांतर 'स्नेह' करून बघा, हसू येईल.

शब्दवेडा
हानि मागे घेतो. पण हानचं काय? राग की दुःख?

रांजणगाव_दुभाषी
तिथेही क्रियापदच बघा. हान 'मेछिदा'. दव पानावर थेंब होऊन साचतं, झाडाला फळ धरतं, त्याला हाच शब्द. आणि तो जातो कसा? 'पुल्दा', म्हणजे गाठ सोडवणं. नुसतं दुःख ओसरतं, हान साचून घट्ट होतो, मग कुणीतरी तो सोडवावा लागतो. मेलेल्या माणसाचा राहिलेला हान सोडवायला शामान बाईकडून विधी करून घेतात. हान सोडवण्याला 'हानपुरी' म्हणतात.

दुपारचा_चहा
हानपुरीबरोबर भाजी कोणती?

रांजणगाव_दुभाषी
😀 तर, एक प्रसंग. युद्धात ताटातूट झालेल्या कुटुंबांसाठी 1983 मध्ये केबीएसने टीव्हीवर कार्यक्रम सुरू केला. लोक छातीवर पाट्या धरून उभे राहायचे: नाव, गाव, कुठे हात सुटला. थोडक्यात आटोपायचा कार्यक्रम 138 दिवस चालला, एकूण 453 तासांवर गेला. तीस वर्षांनी बहीण सापडलेल्या माणसाचं काय सुटलं? राग कुणावर धरायचा ते त्याला ठाऊक नव्हतं. नुसतं दुःख असतं तर एव्हाना बोथट झालं असतं. अशा वेळी म्हणतात, 'यॉहान नाही', म्हणजे हान उरला नाही, आता मेलो तरी चालेल. आपल्याकडे "आता डोळे मिटायला मोकळी" म्हणतात, ते हेच.

कोरडेभाकर
मग 'सल' का नको? सल काढतात, गाठ सोडवतात. पण काट्यासारखं आत राहतंच ना.

रांजणगाव_दुभाषी
सल चांगला आहे, पण सल एकट्याचा असतो. हान घराण्याचा असू शकतो, गावाचाही. शिवाय हान उलटतो. म्हण आहे की बाईने हान धरला तर चांद्र पाचव्या-सहाव्या महिन्यात, म्हणजे भर उन्हाळ्यात, दंव गोठून पडतं. सल असा कुणावर पडत नाही. तिथे 'तळतळाट' जवळचा.

शब्दवेडा
म्हणजे माझं 'रक्तातलं दुःख' अगदीच चूक नव्हतं.

रांजणगाव_दुभाषी
तिथे जरा जपून. कोरिया जपानच्या ताब्यात असताना, 1920 च्या सुमारास, यानागी मुनेयोशी या जपानी कलासमीक्षकाने कोरियन कलेत दुःखाचं सौंदर्य पाहिलं. त्याला कोरियाबद्दल आपुलकी होती. पण राज्यकर्त्यांच्या देशातल्या माणसाने 'हे लोक मुळातच दुःखी' म्हणणं बऱ्याच अभ्यासकांना खटकतं. 'हान हा आमचा राष्ट्रीय स्वभाव' ही कल्पना तिथूनच रुजली असं ते म्हणतात. इतरांचं म्हणणं, शब्द आणि म्हणी त्याआधीच्याच आहेत, आणि 1970 च्या दशकात कामगार-शेतकऱ्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या ख्रिस्ती धर्मचिंतकांनी तो अन्यायाविरुद्ध वापरला. माझ्या ऑफिसातल्या तरुण कोरियन मुली तर म्हणतात, हान आजीला असतो, आम्हाला नुसता स्ट्रेस असतो.

पेरूचीफोड
काल शेवटचा भाग होता. म्हातारीने नवऱ्याच्या फोटोपुढे दारूचा पेला ठेवला आणि काहीतरी पुटपुटली. सबटायटलमध्ये "मला दुःख नाही." मी वाचायच्या आधीच आई म्हणाली, "फिटलं म्हणते ती."
दुभाषी, 'फिटलं' चालेल का?

कोरडेभाकर
ऋण फिटतं, पांग फिटतात. गाठ फिटत नाही.

घाटावरची
आमच्याकडे साताऱ्याला नवस पण फिटतो.