प्रतिसाद: साडी ‘नेसवण्या’आधी तिला विचारा

> ‘चुलतबहिणीचा जीन्समधला फोटो स्थळासाठी पाठवायचाय. काका म्हणतात साडी करून घे. एआय ॲपला नेमकं काय लिहू?’

आधी बहिणीला लिहा, काकांचा होकार तिचा धरू नका. ‘बदल चालेल का?’ एवढं मोघम नको: ‘हाच फोटो, हिरवी काठपदराची साडी, फक्त बायोडेटासाठी, चालेल?’ नाही म्हणाली तर विषय संपला.

साडीत एक गोची आहे. टॉपने झाकलेली कंबर ॲप उघडी दाखवू शकतं, म्हणजे फोटोत नसलेलं तिचं अंग स्वतःच्या अंदाजाने रंगवतं. मी तर पूर्ण बाह्यांचा कुर्ता सुचवेन. साडीच हवी असेल तर असं लिहा: ‘फक्त कपडे बदला. कोपरापर्यंत बाह्या, पदराने पोट व कंबर पूर्ण झाकलेली. चेहरा, बांधा, त्वचेचा रंग, हात मूळ फोटोप्रमाणेच.’ ‘सुंदर’, ‘आकर्षक’ असले शब्द टाळा. त्यांनी बांधा बारीक आणि रंग उजळ होऊ शकतो.

मग दोन्ही फोटो शेजारी ठेवून मान, खांदे, बोटं ताडून पाहा. तयार फोटो आधी तिलाच दाखवा. पसंत नसेल तर तिच्यासमोर डिलीट करा. बायोडेटात ‘फोटोतील पोशाख बदललेला आहे’ ही ओळ टाका. खरं तर शेजारणीची साडी नेसून नवा फोटो काढणं यापेक्षा लवकर होईल.