प्रतिसाद: लहानग्यांसाठी शॉटची लांबी

> चार वर्षांच्या मुलांसाठी गोष्ट करतोय. शॉट किती सेकंदांचे ठेवू? सगळे नुसते ‘संथ ठेवा’ म्हणतात.

संथ ठेवा हे बरोबर, पण अर्धंच. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात लिलार्ड आणि पीटरसन यांनी २०११ मध्ये चार वर्षांच्या ६० मुलांवर प्रयोग केला. वेगवान कार्टून फक्त नऊ मिनिटं पाहिलेली मुलं नंतर लक्ष आणि संयम लागणाऱ्या खेळांत मागे पडली. त्यात दृश्य सरासरी ११ सेकंदांनी बदलत होतं, तुलनेच्या संथ कार्टूनमध्ये ३४ सेकंदांनी. लोक इथेच थांबतात. लिलार्ड यांच्याच गटाने २०१५ मध्ये वेग आणि अद्भुतता वेगवेगळी करून तपासली, तेव्हा फरक पडला तो अद्भुत घटनांमुळे, वेगामुळे नाही. म्हणजे संथ चित्रफितीतही दर क्षणी काहीतरी अशक्य घडत असेल तर मुलाची दमछाक होतेच.

माझा अनुभव जागेच्या उडीचा. मांजर अंगणात, कट, मांजर पलंगाखाली. ओळखीतल्या तीन वर्षांच्या मुलीने विचारलं, “दुसरी माऊ कुठून आली?” मग मांजर उंबरा ओलांडताना एकाच शॉटमध्ये दाखवलं, पार्श्वभूमीतली झाडं-कपडे काढून टाकले. शॉट चार सेकंदांनी लांबला, पण प्रश्न बंद झाला. तिसरी-चौथीतल्या मुलांना तो जोडशॉट नको असतो. किशोरांना तर कंटाळाच येतो.

तेव्हा सेकंद मोजण्याआधी आवाज बंद करून एखाद्या मुलाला दाखवा आणि “आता काय झालं?” विचारा. अडखळेल तिथला कट बदला.