तिरक्या पट्ट्यांत सोळा गाड्या मावतील, पण मागे घेताना काय?

गल्लीकर: दादर पूर्वेला आमच्या गल्लीत फुटपाथलगत ६० मीटरचा सरळ तुकडा आहे. सध्या गाड्या फुटपाथला समांतर लागतात, दहा मावतात. सोसायट्यांतल्या काही जणांना ४५ अंशांचे तिरके पट्टे आखून मागायचे आहेत. रस्ता १२ मीटर, दोन्हीकडून वाहतूक, पलीकडच्या बाजूलाही समांतर गाड्या असतात. मागणी करावी का? आणि तोपर्यंत फुटपाथपासून किती अंतर ठेवलेलं चालतं?

सतीश परळ: मागाच. समांतर गाडीला पुढेमागे वळायला जागा धरून सहा मीटर लागतात, तिरक्या गाडीला साडेतीनच्या आसपास. दहाच्या जागी सोळा होतील. आजकाल रात्री दहानंतर जागा शोधत तीन-तीन फेऱ्या मारतो आपण, त्यातल्या दोन तरी वाचतील. आणि समांतर लावता न येणाऱ्यांची संख्या बघा, मागची गाडी खोळंबून हॉर्न मारत असते. तिरक्यात एका झटक्यात गाडी आत. अंतराचं म्हणाल तर १२ इंच, नियमच आहे तसा.

रेखांकन: सोळाचा आकडा बरोबर आहे, मीही आखून बघितला. १२ इंचांचं मात्र इथलं नाही. तो न्यूयॉर्कचा नियम, कॅलिफोर्नियात तेच १८ इंच आहे. आपल्याकडे १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत ‘फुटपाथच्या कडेपासून दूर’ गाडी लावू नये एवढंच लिहिलं होतं, इंच-सेंटिमीटर काही नव्हते. २०१७ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. तेव्हा पट्टी काढून कुणी वाद घालणार नाही, पण वाहतुकीला अडथळा होईल अशी गाडी सोडली तर कलम १२२ लागू शकतं आणि गाडी उचलूनही नेतात.

आता मुख्य मुद्दा. समांतर पट्टा रस्त्याचे अडीच मीटर खातो. पाच मीटर लांब आणि अडीच रुंद पट्टा ४५ अंशांत फिरवला की तोच ५.३ मीटर खातो. १२ मधून ५.३ काढा, पलीकडचे अडीच काढा, उरतात ४.२ मीटर. त्यात दोन गाड्या समोरासमोर आल्या तर आरसे मिटून कशाबशा निघतील. टेम्पो किंवा बस आली की एकाला मागे जावं लागणार. म्हणजे सहा गाड्या वाढवून तुम्ही गल्ली एकेरी केलीत, फक्त ‘एकेरी’ असं कुणी सांगितलेलं नाही. शिवाय तिरके पट्टे एकाच दिशेने आत घुसण्यासारखे असतात. समोरून येणारा माणूस पुढे जाऊन वळसा घेणार, नाहीतर आडवा उभा राहून खटपट करणार.

मंजिरी ताई: आमच्या सोसायटीत स्टिल्टखाली खांबाच्या बाजूची जागा वाट्याला आलीय. दार उघडतच नाही, मी पलीकडच्या सीटवरून उतरते. कमिटीला सांगून थकले. त्यापेक्षा तिरकं बरं नाही का?

रेखांकन: मंजिरीताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. आतल्या जागेत वाहतूक नसते, तिथे कमिटीने पट्टा खांबापासून सरकवला तर काम होईल. रस्त्याचं गणित तिथे लावू नका.

सतीश परळ: ठीक, मग गल्ली एकेरी करून घ्या. शेजारच्या दोन गल्ल्या आहेतच ना. एकेरीत ४.२ मीटर भरपूर झाले.

रेखांकन: एकेरी असेल तर माझा अर्धा विरोध संपला. उरलेला अर्धा निघण्याचा आहे. तिरकी गाडी नाक आत घालून उभी असते, निघताना मागे घ्यावी लागते. येणारी वाहतूक असते डाव्या-मागच्या बाजूला आणि चालक बसतो उजवीकडे. म्हणजे त्याला सगळी गाडी ओलांडून, शेजारच्या गाडीपलीकडे बघायचं. शेजारी उंच एसयूव्ही असेल तर डिकी सुमारे दीड मीटर रस्त्यात आल्याशिवाय डोळ्याला रस्ताच दिसत नाही. त्या दीड मीटरमध्ये स्कूटर असते. सगळ्यात जास्त भीती तिचीच.

सतीश परळ: उलटं लावा की! पट्टे असे आखायचे की गाडी रिव्हर्सने आत जाईल आणि नाक बाहेर राहील.

रेखांकन: हे मात्र चांगलं आहे. निघताना वाहतूक उजव्या खांद्यावरून येते, म्हणजे चालकाच्या खिडकीतून सरळ दिसते. मी त्याच्याच बाजूने असतो, पण मग आत जाताना मागच्या गाड्यांना थांबवायचं आलं. आपल्याकडे मागचा थांबतो का? आणि धूर फुटपाथवर, तळमजल्याच्या खिडकीत.

वैशाली जोगळेकर: तुम्ही सगळे रस्त्याचं बोलताय, फुटपाथचं कुणीच नाही. माझ्या सासूबाई वॉकर घेऊन चालतात. आमच्या कोपऱ्यावर लोक आपल्या मनानेच गाड्या तिरक्या लावतात, चाक दगडाला टेकेपर्यंत आत घालतात. चाक टेकलं तरी बोनेट पुढे असतंच, फुटपाथवर अर्धा मीटर तरी येतं. मी हाताने मोजलंय, दोन विती आणि चार बोटं. पलीकडे झाडाचं आळं. मधून वॉकर जात नाही, सासूबाई खाली रस्त्यावर उतरतात, तिथे रेखांकन म्हणतात ती डिकी मागे येत असते. पट्टे आखायचेच असतील तर चाकापुढे अडथळ्याचा दगड बसवा, फुटपाथपासून अर्धा मीटर अलीकडे. मग पट्टा रस्त्यात तेवढाच पुढे येणार, तो तुमच्या ४.२ मधून वजा करा.

रेखांकन: पटलं. ३.७ उरले. मी हे धरलंच नव्हतं.

स्टिअरिंग मावशी: मी १७ वर्षं गाडी शिकवते, मला समांतरचंच बोलायचंय, कारण मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहून गेला. दीड वीत. उतरून वीत लावून बघा, एक ते दीड वीत अंतर असेल तर गाडी छान लागली. त्याहून जवळ गेलात तर उंच फुटपाथला डावं दार घासतं, आणि टायर दगडाला दाबून उभा राहिला तर त्याची कड दुखावते, मग तिथे फुगा येतो. फुगा दिसला की तो टायर संपला, हवा कमीजास्त करून उपयोग नाही. दोन वितींच्या पुढे गेलात तर उजवा आरसा कुणीतरी उडवून नेतो. पावसाळ्यात कडेच्या पाण्याच्या जाळीवर चाक ठेवू नका, जागा मोकळी असली तरी.

जागा कशी निवडावी हेही विद्यार्थिनींना मी असंच सांगते. आपल्या गाडीपेक्षा दीड मीटर लांब मोकळी जागा दिसली तरच थांबा. कमी असेल तर पुढे चला, लाज वाटून घेऊ नका. आणि डावा आरसा थोडा खाली झुकवा, मागच्या चाकाजवळ फुटपाथची कड दिसली पाहिजे. ती दिसत नसताना अंदाजाने घेतलेली गाडी बहुतेक एक चाक आत, एक बाहेर अशी वाकडीच लागते.

सतीश परळ: मावशी, हे सगळ्यांना जमतं का? न जमणाऱ्यांसाठीच तिरकं म्हणतोय मी.

स्टिअरिंग मावशी: जमतं. माझ्याकडे ६२ वर्षांच्या एक बाई शिकल्या, त्यांना चौथ्या दिवशी जमलं. तुमच्या रात्रीच्या फेऱ्यांवर माझ्याकडे उत्तर नाही, ते खरंच त्रासाचं आहे.

गल्लीकर: आज सकाळी टेप घेऊन खाली गेलो. फुटपाथ १.६ मीटर, त्यात विजेची पेटी ४० सेंटिमीटर आत आलेली. पेटीसमोर तिरकी गाडी लागली तर ७० सेंटिमीटर उरतात. एकेरीसाठी शेजारच्या गल्लीतल्यांना विचारायचं ठरलंय, त्यांच्याकडे शाळेच्या बस येतात. ते हो म्हणाले तरच उलट्या तिरक्या पट्ट्यांचा अर्ज करू, पेटीसमोरची जागा सोडून.

सतीश परळ: ती सोडलीत तर सोळाच्या पंधरा झाल्या.

वैशाली जोगळेकर: होऊ देत.