मदत हवी आहे : पोस्टरसाठी नंतर चेहरे बदलायचे आहेत, तर मूळ चेहऱ्यांचे फोटो कसे आणि किती काढून ठेवावेत?

पडद्यामागचा_परभणीकर

नमस्कार. आमचा परभणीतील हौशी नाट्यसंच आहे आणि त्याची पोस्टरे मीच करतो. यंदाच्या नाटकात चार स्त्री कलाकार आहेत. चौघीही नोकरीनिमित्त बाहेरगावी असल्यामुळे सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारीच त्या एकत्र सापडतील, तर पोशाख आणि दागिने दिवाळीनंतर हाती येतील. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यात गावातीलच एक मुलगी नऊवारी नेसून शेतात आणि वाड्याच्या चौकात उभी राहील आणि तिच्या अंगावर या चौघींचे चेहरे फोटोशॉपमध्ये बसवावे लागतील. पाचही जणींची लेखी संमती घेतली आहे आणि फोटो केवळ याच पोस्टरांसाठी वापरायचे आहेत.

गेल्या वर्षी हाच उद्योग केला आणि हात पोळून घेतले. तालमीच्या खोलीत रिंग लाइट लावून प्रत्येकीचे चोवीस फोटो काढले होते, परंतु ते सगळे समोरून आणि एकाच उजेडात होते. एकेका पोस्टरवर दोन-दोन रात्री गेल्या, तरी चेहरा मानेवर चिकटवल्यासारखाच दिसत राहिला. नाक जरा मोठे, कान जवळजवळ गायब आणि हनुवटीखाली उजेड, अशी गत झाली. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर कॅमेरा, ५० मिमीची लेन्स, एक ट्रायपॉड आणि घराची गच्ची एवढेच भांडवल आहे. प्रत्येकीमागे पाऊण तास मिळेल. त्या वेळात कोणते कोन आणि कोणता उजेड टिपून ठेवावा, म्हणजे नंतरची दुरुस्ती कमी होईल?

लग्नघाई_लातूर

आमच्याकडे लग्नाच्या ग्रुप फोटोत हे नेहमीचेच आहे. चाळीस माणसांत कोणाचे तरी डोळे मिटलेले असतातच, म्हणून मी ट्रायपॉड न हलवता लागोपाठ सहा-सात फोटो घेतो आणि ज्याचे डोळे मिटले असतील त्याचा चेहरा शेजारच्या फ्रेममधून उचलतो. पाच मिनिटांत काम होते. आपणही ट्रायपॉड हलवू नका, एवढेच सांगणे आहे.

पडद्यामागचा_परभणीकर

दादा, आपल्याकडे माणूस तोच, जागा तीच आणि ऊनही तेच असते. माझ्याकडे चेहरा सप्टेंबरचा आणि अंग नोव्हेंबरचे, त्यातही दुसऱ्याचे. माझी सगळी अडचण तिथेच आहे.

गोदाकाठ

माझ्या मते प्रश्न उगाच अवघड केला आहे. चेहरे ढगाळ उजेडात किंवा सावलीत, अगदी सपाट प्रकाशात काढावेत. सावली नसलेल्या चेहऱ्यावर डॉज-बर्न करून हवी तशी सावली घालता येते, परंतु असलेली सावली पुसता येत नाही. एक उजेड आणि पाच कोन पुरेत. नाहीतर एका फोटोवर चेहरा बदलून देणारी ॲप आहेतच.

जुनी_काच

मी बरीच वर्षे कॅटलॉगचे फोटो जुळवण्याचे काम केले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोदाकाठ यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. पोशाखाचा फोटो वाड्याच्या सावलीत काढलेला असेल, तर सपाट प्रकाशातला चेहरा त्यावर उत्तम बसतो, आणि थोडा उतार-चढाव डॉज-बर्नने देता येतो. उन्हाचे मात्र तसे नाही. उन्हात नाकाची सावली गालावर ठळक कडेने पडते, तिचा आकार त्या विशिष्ट नाकाचा असतो आणि कपाळावर, गालाच्या हाडावर घामाची चकाकी येते. ही चकाकी ब्रशने काढलेली लगेच ओळखू येते. ॲपविषयी सांगायचे, तर अशा अनेक साधनांच्या मुळाशी असलेले inswapper_128 हे मॉडेल चेहरा १२८ पिक्सेलच्या चौकोनातच तयार करते. छोट्या पडद्यावर ते खपते, परंतु पोस्टरवर चेहरा मऊ मेणासारखा दिसतो आणि तो धारदार करायला गेले, की कातडीचा पोत त्या बाईचा राहत नाही.

आता गेल्या वर्षीच्या मोठ्या नाकाकडे वळू. खोली लहान असल्यामुळे आपण कॅमेरा हातभर अंतरावर नेला असणार. जवळून पाहिले, की नाक पुढे येते आणि कान मागे सरतात. हा दोष लेन्सचा नसून अंतराचा असतो, आणि तो लिक्विफायने सुधारत बसणे म्हणजे फाटलेल्या गोणीला टाके घालत बसणे. आपल्या कॅमेऱ्यावर ५० मिमीने उभ्या माणसाचा, दोन मीटर उंचीची चौकट धरून, फोटो घ्यायला सव्वाचार मीटर मागे जावे लागते, आणि त्यात डोके साधारण ७०० पिक्सेल उंच येते. चेहरे तीन मीटरवरून, कॅमेरा उभा धरून घेतले, तर त्याच लेन्सने डोके हजार पिक्सेलच्या आसपास येईल. म्हणजे जवळ न जाताही लागतो त्याहून मोठा चेहरा मिळतो, आणि तीन व सव्वाचार मीटरमधला नाकाकानाचा फरक डोळ्याला जाणवत नाही. गच्चीवर तीन मीटरची दोरी मोजून ठेवावी आणि कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. शेतात मुलीचा फोटो बांधावरून किंवा खाली बसून काढणार असाल, तर तसे आजच ठरवून घ्यावे, कारण कॅमेऱ्याची उंची बदलली की नाकपुड्या बदलतात.

कोनांसाठी फिरते स्टूल घ्यावे आणि जमिनीवर खडूने खुणा कराव्यात : समोर, मग प्रत्येक बाजूला वीस, चाळीस, साठ आणि ऐंशी अंश. अशा नऊ जागा होतात. डावी बाजू काढून उजवीसाठी फोटो उलटा करण्याचा मोह टाळावा. चेहरा दोन्हीकडून सारखा नसतो, भांगाची दिशा बदलते, आणि नोव्हेंबरमध्ये त्या मुलीच्या डाव्या नाकपुडीत नथ असेल, तिच्याशी उलटा चेहरा कधीच जुळणार नाही. प्रत्येक खुणेवर एकदा नजर नाकाच्या दिशेने आणि एकदा कॅमेऱ्याकडे घ्यावी. हनुवटी किंचित वर आणि किंचित खाली हे केवळ समोरच्या आणि चाळीस अंशांच्या जागांवर पुरे.

उजेडाचे गणित वेगळे आहे आणि बहुतेक जण तिथेच गोंधळतात. चेहरा कॅमेऱ्यापासून किती वळला आहे आणि ऊन कॅमेऱ्याच्या कोणत्या बाजूने येते आहे, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. सूर्य तर हलवता येत नाही, म्हणून स्टूलभोवती कॅमेराच फिरवावा. ऊन कॅमेऱ्याच्या डावीकडून, उजवीकडून आणि चेहऱ्यामागून अशा तीन जागा पुरेत, आणि प्रत्येक जागेवर खडूच्या खुणा कॅमेऱ्याकडे तोंड करून नव्याने आखाव्यात. चौथा संच सावलीचा. दोन्ही नजरा धरून हे ७२ फोटो होतात, हनुवटीचे वेगळे. सहायक हाताशी असेल तर पाऊण तासात बसतात.

उन्हाची उंचीही पाहावी. नोव्हेंबरच्या मध्यात परभणीत भर दुपारीही सूर्य डोक्यावर नसतो, तो क्षितिजापासून साधारण ५२ अंशांवरच असतो. सप्टेंबरच्या अखेरीस तेवढी उंची सकाळी दहालाच येते. शेतातले फोटो नोव्हेंबरात सकाळी आठला घेणार असाल, तर त्याच्या जोडीचे ऊन सप्टेंबरात साडेसातला मिळेल. त्या दिवशी ठरवून दुपारी बारापर्यंत फोटो काढत बसलात, तर ते उन नोव्हेंबरमध्ये कुठेच सापडणार नाही.

शेवटचे म्हणजे हनुवटीखालचा उजेड. गच्चीची फरशी पांढुरकी असेल, तर ती खालून चेहरा उजळवते. आपल्याकडची काळी रानमाती तसे करत नाही; तिथे डोळ्यांच्या खोबणी आणि गळा काळाच राहतो. म्हणून शेतातल्या पोस्टरांसाठी स्टूलखाली आणि समोर काळी घोंगडी अंथरावी. वाड्याचा चौक चुन्याने रंगवलेला असेल, तर त्या संचासाठी तिथे पांढरी चादर घालावी. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नये, रॉमध्ये काढावे, आणि प्रत्येक उजेडाच्या सुरुवातीला एका फोटोत करडे कार्ड धरायला सांगावे.

गोदाकाठ

चकाकीचा मुद्दा मान्य. तरीही चार जणींना मिळून एकच सकाळ असताना साडेसातचे आणि दहाचे ऊन प्रत्येकीला कसे मिळणार? पाऊण तासाच्या हिशेबाने तिसरीपर्यंत सूर्य वर गेलेला असेल.

जुनी_काच

बरोबर आहे, ते माझ्याकडून सुटले. मग एकेकीचा पूर्ण संच न करता, साडेसातच्या सुमारास चौघींना आळीपाळीने फक्त उन्हाच्या एका जागेवर बसवावे आणि नऊ खुणा एका नजरेने उरकाव्यात. सावलीचा संच दिवसभरात केव्हाही होतो. शेताचे पोस्टर महत्त्वाचे की वाड्याचे, हे आधी ठरवलेत तर वेळ वाचेल, कारण दोन्ही उन्हे पूर्ण मिळणार नाहीत. ढग आले तर वाद न घालता सावलीचा संच आटोपावा.

पडद्यामागचा_परभणीकर

सर्वांचे आभार. काल सकाळी बहिणीला स्टूलवर बसवून तालीम केली. तीन मीटरवरून घेतलेला चेहरा गेल्या वर्षीच्या एका पोशाखावर बसवून पाहिला, तेव्हा नाककानाचा प्रश्न खरोखर उरला नाही. घोंगडीचा परिणाम तर पाहण्यासारखा होता : त्याच जागेवर, दोन मिनिटांच्या अंतराने काढलेल्या दोन फोटोंत, घोंगडी नसताना हनुवटीखालची कातडी गालाइतकीच उजळ दिसत होती आणि घोंगडी अंथरल्यावर जबड्याची कड आपोआप उमटली. एका चेहऱ्याला चाळीस मिनिटे लागली.

दोन गोष्टी मात्र अडल्या. पहिली म्हणजे मान. चेहरा बहिणीचा आणि मान दुसरीची असल्यामुळे जबड्याखाली रंगाची रेघ दिसते. दुसरी म्हणजे पदर. दोन पोस्टरांत डोक्यावरून पदर आहे आणि त्याची सावली अर्ध्या कपाळावर पडते. उघड्या डोक्याच्या फोटोत ती कुठून आणायची?

जुनी_काच

मानेसाठी चौघींना मोकळ्या गळ्याचा गडद ब्लाउज घालायला सांगावे, केस मागे घट्ट बांधावेत आणि चौकटीत गळ्याखालची हाडेही येऊ द्यावीत. मग सांधा जबड्याखाली न करता गळ्यातल्या दागिन्यामागे लपवता येतो. मेकअप केला, तर तो मानेपर्यंत उतरवावा. पदराचे म्हणाल, तर कोणतेही सुती पातळ डोक्यावरून घेऊन समोरचा आणि दोन्हीकडचा चाळीस अंशांचा फोटो उन्हात घ्यावा. कापड कोणत्या रंगाचे असावे याबद्दल मी ठाम नाही, कारण लाल पदरातून येणारा उजेड कपाळ तांबूस करतो आणि तुमचे पातळ अजून ठरलेले नाही.

लग्नघाई_लातूर

आता प्रश्न कळला. हळदीच्या फोटोत पिवळ्या पदराखाली तोंडावर असा पिवळा रंग चढलेला मी कितीदा पाहिला आहे, आणि तो दुरुस्त करताना ओठही फिके पडतात. पातळाचा रंग आधी पक्का करा, पोशाखवाल्याकडून निदान कापडाचा तुकडा तरी मागवा.

पडद्यामागचा_परभणीकर

तुकडा मागवतो. पोशाखवाले म्हणतात, की हिरवे किंवा जांभळे, यांपैकी जे रिकामे असेल ते मिळेल. तेव्हा बहुधा दोन्ही रंगांच्या पातळांत तीन-तीन फोटो काढून ठेवावे लागतील.