प्रतिसाद: ठेवीची पावती आणि विम्याचा हप्ता

> "आईची ठेव मुदत संपल्यावर बँकेने विम्यात घातली. कर्मचारी ओळखीचा, भला माणूस. असं का करतो?"

मी शाखेत नऊ वर्षं काढली, म्हणून सांगतो. रोज सकाळी त्या दिवशी मुदत संपणाऱ्या ठेवींची यादी समोर येते आणि संध्याकाळी वरून फोन येतो, "आज किती पॉलिसी?" आकडा शून्य असेल तर सगळ्यांसमोर बोलणी खावी लागतात. ठेव नूतनीकरण केली तर लक्ष्यात काहीच धरलं जात नाही; विमा विकला तर बँकेला पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर मोठं कमिशन मिळतं. म्हणून ५ लाखांची ठेव ५ लाखांचा वार्षिक हप्ता होते. ग्राहकाला वाटतं एकदाच भरलं. पुढच्या वर्षी हप्ता मागितला जातो तेव्हा उलगडा होतो, आणि तेव्हा सोडलं तर बरीचशी रक्कम बुडते.

आईचा प्रस्ताव अर्ज मागवा. हप्ता किती वर्षं, उत्पन्न किती लिहिलंय ते पाहा. निवृत्त माणसाचं उत्पन्न फुगवलेलं मी अनेकदा पाहिलंय. पॉलिसी हाती येऊन थोडेच दिवस झाले असतील, तर फेरविचाराच्या मुदतीत लेखी अर्ज देऊन ती रद्द करता येते. पोच जरूर घ्या.