पणती भडकली तर पाणी नको

>> पणती अचानक अख्खी पेटली. पाणी ओतलं तर ज्वाळा आणखीच उसळली. असं का?

पाण्यामुळेच. पाणी तेलापेक्षा जड, ते थेट तळाशी जातं. तिथे तापलेल्या तेलात त्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ पेटतं तेल चहूकडे उडवते. आमच्याकडे असंच झालं होतं, पडद्याची कड जळली. तेव्हापासून दिवे लावताना मी स्टीलची खोलगट ताटली जवळ ठेवतेच. पणतीवर ती बाजूने सरकवत उपडी घालायची, हवा तुटली की ज्वाळा विझते. लगेच उचलू नका, तेल गरम असेपर्यंत पुन्हा पेट घेऊ शकतं.

पणती अख्खी पेटते ती बहुधा वात घसरून तेलात आडवी पडल्यावर, किंवा पणत्या एकमेकींना चिकटून मांडल्यावर. शेजारच्या ज्योतीने तेल तापत जातं. ज्योत नेहमीपेक्षा उंच होऊन काजळी धरू लागली की ती पणती तेव्हाच झाका. दोन पणत्यांत वीतभर अंतर ठेवा, आणि झोपण्यापूर्वी सगळ्या विझवाच. उदबत्तीचं घर कागदावर किंवा कापडावर ठेवू नका, गळून पडलेलं टोक बराच वेळ धुमसतं. फटाके मात्र पणत्यांच्या खोलीत साठवूच नका.